गावाच्या इतिहासाचे चॅनेल आणि संपादकाला पाठवायचा ई-मेल

गावाच्या इतिहासाचे व्हिडिओ करणाऱ्या चॅनेलवर स्थानिक वृत्तपत्रात लेख यावा, म्हणून संपादकाला जो ई-मेल पाठवला जातो, तो बहुतेक वेळा प्रेसनोट समजून वाचला जातो. दोन्हींतला फरक मोठा आहे. प्रेसनोट ही घडून गेलेल्या गोष्टीची तयार बातमी असते: निवड झाली, सत्कार झाला, शिबिर पार पडले. डेस्कवरचा उपसंपादक ती कापतो, शीर्षक देतो आणि पानात बसवतो. लेखाच्या प्रस्तावात मागणी वेगळी असते. वृत्तपत्राने आपला माणूस पाठवावा, त्याने चार लोकांशी बोलावे, फोटो काढावेत आणि अर्धे पान खर्ची घालावे, असे त्यात सुचवलेले असते. जिल्हा आवृत्तीच्या मेलबॉक्समध्ये रोज प्रेसनोटांचा ढीग पडतो. प्रस्तावही त्याच भाषेत लिहिलेला असला, तर तो त्याच ढिगात जातो. आठवडाभराने ‘थोडक्यात’ सदरात चार ओळी येतात, त्यांत चॅनेल चालवणाऱ्याचे नाव येते आणि गावाच्या इतिहासाचा एक शब्दही नसतो. असे झाले की समजावे, प्रस्ताव प्रेसनोट म्हणून वापरला गेला.

म्हणून मेल लिहिण्याआधी तो कोणाकडे जावा हे ठरवावे लागते. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. ते कायद्याच्या जबाबदारीसाठी असते. मोठ्या दैनिकात हा संपादक पुण्यात, मुंबईत किंवा कोल्हापुरात बसतो आणि तालुक्यातल्या पानाशी त्याचा रोजचा संबंध नसतो. गावाकडच्या विषयाचा निर्णय जिल्हा आवृत्तीचा प्रमुख घेतो, रविवारच्या पुरवणीचा निर्णय पुरवणी पाहणारा उपसंपादक घेतो. तालुक्याचा वार्ताहर या दोघांनाही विषय सुचवू शकतो, आणि शेवटी गावात यायचेही बहुधा त्यालाच असते. त्याला अंधारात ठेवून वरच्यांना लिहिले तर काम अडते असे नाही, पण पुढे तोच मोटारसायकल काढून येणार असल्याने त्याला आधी एक फोन केलेला बरा. जिल्ह्यापुरते निघणारे छोटे दैनिक किंवा साप्ताहिक असेल, तर मात्र तळाशी नाव असलेला संपादक स्वतःच मेल वाचतो आणि काम सोपे होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एक गाव आहे. गावातला एक तरुण दिवसा शेतीपंप दुरुस्त करतो आणि सवड मिळेल तेव्हा मोबाइलवर गावाचे व्हिडिओ करतो. दोन वर्षांत त्याने तीसेक व्हिडिओ टाकले आहेत. त्यांत ओढ्याकाठचे वीरगळ आहेत, ग्रामदैवताची जत्रा आहे, जुन्या वाड्याचे जोते आहे, पाटलांच्या घरातले मोडी कागद आहेत आणि १९७२च्या दुष्काळात बांधलेल्या पाझर तलावावर काम केलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती आहेत. तो संपादकांना पहिला मेल असा लिहितो:

‘मा. संपादकसाहेब, सा.न.वि.वि. आमच्या गावाला हजारो वर्षांचा समृद्ध व गौरवशाली इतिहास लाभला आहे. गावात पांडवकालीन हेमाडपंती मंदिर असून शिवरायांच्या पदस्पर्शाने ही भूमी पावन झाली आहे. नव्या पिढीला हा वारसा कळावा या उदात्त हेतूने आम्ही यूट्यूब चॅनेल सुरू केले असून त्यास उदंड प्रतिसाद मिळत आहे. तरी आपल्या लोकप्रिय दैनिकातून आमच्या कार्याची दखल घेऊन प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती.’

लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे, पण या मजकुरात गावाचे नाव बदलून शेजारच्या गावाचे घातले तरी काही बिघडत नाही. संपादकाला पहिल्या नजरेत हेच दिसते. दुसरी अडचण दाव्यांची आहे. ‘पांडवकालीन हेमाडपंती’ हे दोन शब्द एकत्र नांदू शकत नाहीत. हेमाडपंती हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री तेराव्या शतकातल्या यादव राजांचा मंत्री होता, आणि ज्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात त्यांतली कित्येक त्याच्याही आधीची आहेत. शिवरायांच्या पदस्पर्शाचा दावा छापायचा तर संपादकाला आधार लागतो, आणि आधाराशिवाय छापला तर दुसऱ्या दिवशी फोन त्यालाच येतात. तिसरी गोष्ट म्हणजे मेलमध्ये मागितली आहे प्रसिद्धी. चॅनेल निघाले ही आज बातमी राहिलेली नाही. एकेका तालुक्यात अशी कितीतरी चॅनेले आहेत. चॅनेलच्या कामातून काय हाती लागले, ही बातमी असू शकते.

तेव्हा पहिले काम म्हणजे तीस व्हिडिओंतून एक निवडणे. ही निवड अवघड जाते, कारण करणाऱ्याला सगळेच प्रिय असते. वीरगळ देखणे आहेत: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर कलश. पण महाराष्ट्रभर वीरगळ आहेत, आणि शिलालेख नसेल तर या गावच्या वीरगळाबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. मोडी कागद महत्त्वाचे ठरू शकतात, पण जाणकाराने वाचून काढल्याशिवाय त्यांत काय आहे ते सांगता येत नाही. जत्रा दरवर्षी छापून येतेच. राहतो तो पाझर तलाव. त्याच्या भरावावर घमेली वाहिलेल्या बायका अजून गावात आहेत. १९७२ साली जी वीस वर्षांची होती, ती आज सत्तरीच्या पुढे आहे. दुष्काळाचा सरकारी इतिहास लिहिला गेला आहे, रोजगार हमीच्या कायद्यापर्यंतचा प्रवासही नोंदलेला आहे. पण या भरावावर तान्ही पोरे कुठे निजवली जात, हे सांगणाऱ्या या बायकाच. वाचकालाही तो काळ परका नाही, कारण घराघरात बहात्तरच्या दुष्काळाचे काहीतरी सांगितले गेलेले असते.

निवड झाल्यावर मेल नव्याने लिहिला, तर तो साधारण असा होईल:

‘विषय: लेखाचा प्रस्ताव – ७२च्या दुष्काळात तलाव बांधणाऱ्या आज्या (ता. माण)

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावाच्या उत्तरेला १९७२-७३च्या दुष्काळी कामातून बांधलेला पाझर तलाव आहे. त्याच्या भरावावर राबलेल्या अकरा बायका आज गावात हयात आहेत. त्यांतल्या सात जणींच्या आठवणी आम्ही गेल्या वर्षभरात व्हिडिओवर नोंदवल्या आहेत. खडीचा ढीग मोजताना मुकादमाशी होणारी भांडणे, सुकडीसाठी लागणारी रांग, लाल मिलोची तुटणारी भाकरी आणि भरावाच्या सावलीला ठेवलेली पोरे, असे बरेच त्यांनी सांगितले आहे. पाच जणी आपल्या प्रतिनिधीशी बोलायला तयार आहेत.

उन्हाळ्यात या तलावातला गाळ काढण्याचे ग्रामपंचायतीने ठरवले आहे. काम सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी या सगळ्या जणी भरावावर एकत्र येणार आहेत. लेखासाठी आणि फोटोसाठी तो दिवस सोयीचा राहील.

सांडव्याच्या दगडावर १९७३ हे वर्ष कोरलेले आहे; त्याचा फोटो सोबत आहे. कामावर आठशे माणसे होती असे बायका सांगतात, पण त्याचा कागद आम्हाला मिळालेला नाही.

एका मुलाखतीचा दुवा खाली दिला आहे. मिलोच्या भाकरीचा भाग चार मिनिटे बारा सेकंदांपासून सुरू होतो. या व्हिडिओंचे चॅनेल मी दोन वर्षांपासून चालवतो. मी पंपदुरुस्तीचे काम करतो, चॅनेलपासून उत्पन्न नाही. हा विषय सध्या फक्त आपल्याला कळवला आहे.’

खाली नाव, गाव, फोन नंबर आणि दुवा. एवढ्यात मेल संपतो.

या मेलमध्ये चॅनेल जवळजवळ शेवटी येते, आणि तेच योग्य आहे. चॅनेलची प्रशंसा करून घ्यायची इच्छा दाबून ठेवली की लेखात चॅनेलचे नाव आपसूक येते, कारण या आठवणी कोणी नोंदवल्या हे बातमीदाराला सांगावेच लागते. विषयाच्या ओळीत तालुक्याचे नाव टाकल्याने मेल कोणत्या पानाचा हे उघडण्याआधीच कळते. ‘नम्र विनंती’, ‘बातमीसाठी’ किंवा नुसते ‘प्रसिद्धीसाठी’ अशा ओळी शेकड्यांनी येत असल्याने त्यांतून काहीच कळत नाही. सा.न.वि.वि. वगळणे हा उद्धटपणा नाही. मोबाइलवर मेलच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि त्या मायन्यात खर्ची पडू नयेत, एवढाच हेतू.

सर्वांत मोलाचे वाक्य आठशे माणसांचे आहे. काय पक्के आहे आणि काय तोंडी आहे, हे मेल लिहिणाऱ्यानेच वेगळे करून दिले, की संपादकाचा विश्वास बसतो. अनेकांना भीती वाटते की असे कबूल केल्याने विषय हलका होईल. उलट घडते. आकडा पक्का म्हणून दिला, वार्ताहराने तो छापला आणि नंतर तलावावर दोनशेच मजूर होते असा जुना कागद कोणी काढला, तर पडलेल्या संशयाखाली बाकीच्या खऱ्या गोष्टीही येतात. आख्यायिकेलाही लेखात जागा असते. ‘गावकरी असे सांगतात’ एवढे तिच्यामागे लावायचे असते. अधिक जुन्या काळाबद्दल काही म्हणायचे असेल, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ साली निघालेला सातारा खंड पाहता येतो. त्यात गावाचा उल्लेख असला तर पानाचा फोटो जोडावा, नसला तर त्याचा विषयच काढू नये.

लेख कधी यावा याचे कारणही मेलमध्ये असावे लागते. डेस्कवर कोणत्याही चांगल्या विषयाला पहिला प्रश्न पडतो तो ‘आत्ताच का?’ हा. त्याचे उत्तर नसले तर विषय ‘पुढे कधीतरी’ या खात्यात जातो आणि तिथेच राहतो. वरच्या उदाहरणात गाळ काढण्याचे काम हे उत्तर आहे. ते नसते तर १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन, नोव्हेंबरातला वारसा सप्ताह किंवा गावची जत्रा यांचा आधार घेता आला असता, पण वारसा दिनाला असे विषय सुचवणारे पुष्कळ असतात. गावात प्रत्यक्ष घडणारी गोष्ट नेहमी अधिक उपयोगाची. पुरवणीची पाने अंकाच्या कित्येक दिवस आधी लागतात. म्हणून ठरलेल्या दिवसाच्या किमान तीन आठवडे आधी मेल गेला पाहिजे. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पाठवलेल्या मेलचे नशीब प्रेसनोटीपेक्षा बरे नसते.

मजकूर पाठवण्याच्या तऱ्हेत नेहमीच्या दोन-तीन चुका होतात. मराठी टायपिंगची जुनी सवय असणारे लोक श्रीलिपीसारख्या फाँटात मजकूर टंकतात आणि फाइल जोडतात. समोरच्या मोबाइलवर तो फाँट नसला की तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मेल युनिकोडमध्ये आणि थेट मेलच्या पोटात लिहावा. लेटरहेडवर छापून, सहीशिक्का मारून, त्याचा फोटो काढून पाठवणे हा प्रकार तर अजूनही सर्रास चालतो. त्यातले एक वाक्यही कोणाला उचलून घेता येत नाही. व्हिडिओ मेलला जोडू नये. जीमेलमध्ये जोडण्यांची मर्यादा २५ एमबी आहे आणि मोबाइलवरचा काही मिनिटांचा चांगला व्हिडिओ तिच्याबाहेर जातो. दुवा द्यावा, आणि तोही नेमक्या जागी उघडणारा. यूट्यूबच्या छोट्या दुव्यामागे सेकंदांचा आकडा लावला की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. चार मिनिटे बारा सेकंद म्हणजे २५२ सेकंद, म्हणून दुव्याच्या शेवटी `?t=252` असे येते. दुव्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर त्याऐवजी `&t=252` लिहावे लागते. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ संपादक पाहत नाही, पण आजीबाई दोन्ही हातांनी मिलोची भाकरी कशी तुटायची ते दाखवते, ते मिनिट तो पाहतो.

फोटोचा प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर छान दिसणारी व्हिडिओतली चौकट छापताना धूसर होते. छपाईत इंचाला ३०० ठिपके धरले, तर सहा इंच रुंद फोटोला आडवे १८०० ठिपके लागतात. हल्लीच्या साध्या फोनच्या कॅमेऱ्यातही ते सहज मिळतात, मात्र फोटो म्हणून वेगळा काढलेला असला पाहिजे. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा मेललाच जोडावा. चॅनेलचे बोधचिन्ह फोटोवर छापलेले नसावे. तसा फोटो कोणतेही वृत्तपत्र वापरत नाही. फोटोत कोण, कुठे, केव्हा आणि फोटो कोणी काढला, हे मेलमध्ये ओळीने लिहिलेले असले की उपसंपादकाचा एक फोन वाचतो.

संपादकाच्या मनात काही शंका असतात, त्या तो बोलून दाखवत नाही. पहिली जाहिरातीची. गावाकडचा वार्ताहर बातम्यांबरोबर जाहिरातीही आणतो, त्यामुळे फुकटात जाहिरात करून घेण्याचा हा डाव तर नव्हे, असा संशय सहज येतो. चॅनेलपासून उत्पन्न आहे की नाही हे सांगून टाकल्याने तो मिटतो. इथे शब्द जपून वापरावे लागतात. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला साधारणपणे १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तासांचे पाहणे लागते, पण त्या अटी पुऱ्या न करणाऱ्या चॅनेलवरही यूट्यूब स्वतःच्या जाहिराती दाखवू शकते. म्हणून ‘आमच्या व्हिडिओंवर जाहिराती नाहीत’ असे लिहिले आणि संपादकाने दुवा उघडताच साबणाची जाहिरात लागली, तर पंचाईत होते. ‘चॅनेलपासून उत्पन्न नाही’ हे वाक्य सुरक्षित. उत्पन्न असेल तर तसे लिहावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

दुसरी शंका भांडणाची, आणि ती अधिक खोल आहे. गावाचा इतिहास म्हटला की मानकरी कोण, पालखीला पहिला खांदा कोणाचा, देवळाची जमीन कोणाची, गाव कोणी वसवले, हे सगळे येते. त्यात जात येते, भावकी येते आणि कोर्टात चालू असलेले दावेही येतात. चॅनेलवर एका घराण्याच्याच मुलाखती असतील, तर लेखही त्या घराण्याचा होतो. दुष्काळी कामाच्या उदाहरणात बोलणाऱ्या सात जणी कोणत्या वस्त्यांवरच्या आहेत, हे संपादक विचारेल. त्या सगळ्या गावठाणातल्याच निघाल्या आणि दलितवस्तीतली किंवा वाडीवरची एकही नसली, तर ती उणीव मेल पाठवण्याआधी भरून काढायला हवी. खडी फोडायला कोण होते आणि मुकादम कोण होते, हा प्रश्न लेख वाचणारा गावकरी विचारणारच.

तिसरी गोष्ट त्या बायकांच्या परवानगीची. व्हिडिओत बोलायला त्या तयार झाल्या म्हणून वृत्तपत्रात नाव-फोटो छापायला तयार आहेत, असे धरून चालत नाही. चॅनेल करणारा गावचा पोरगा असतो, ओटीवर बसून चहा घेताना बोलणे होते. वार्ताहर परका असतो. एखादीच्या आठवणीत सासरच्या उपासमारीची गोष्ट असते, ती घरातल्यांना छापून आलेली नको असते. म्हणून प्रत्येकीला आणि शक्यतो घरच्यांनाही वेगळे विचारावे, आणि जेवढ्या तयार असतील तेवढ्याच मेलमध्ये मोजाव्यात. उदाहरणातल्या मेलमध्ये नोंदी सात जणींच्या आहेत आणि बोलायला तयार पाच, ते याच कारणाने.

मेल गेल्यावर आठवडाभर थांबून एक फोन करणे रीतीला धरून आहे. फोनची वेळ महत्त्वाची असते. संध्याकाळनंतर जिल्हा आवृत्तीत पाने लावण्याची घाई सुरू होते आणि तेव्हा आलेला फोन कोणालाच नको असतो. दुपारचा काळ बरा. ‘मेल मिळाला का’ एवढेच विचारण्यापेक्षा नवी काही गोष्ट सांगता आली, जसे की आठवी आजी बोलायला तयार झाली किंवा गाळ काढण्याचा दिवस पक्का झाला, तर बोलणे पुढे सरकते. तोच विषय एकाच वेळी चार दैनिकांना पाठवण्याचा मोह टाळावा. तालुक्याचे वार्ताहर एकमेकांना रोज भेटतात. दोघांना एकच विषय मिळाल्याचे कळले की दोघेही तो सोडून देतात. एकाकडून पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याला तसे कळवून दुसऱ्याकडे जाता येते.

होकार आला तर वार्ताहर येतो, आणि तिथून पुढे लेख त्याचा असतो. छापण्याआधी वाचायला मिळावा असा आग्रह धरला जातो. बहुतेक वृत्तपत्रे तो मान्य करत नाहीत. मात्र नावे, वये आणि साले फोनवरून तपासून घेण्याची विनंती कोणी नाकारत नाही, आणि आजींची नावे चुकू नयेत म्हणून ती स्वच्छ अक्षरांत लिहून दिलेली बरी. शीर्षक उपसंपादक देतो, त्यावर वार्ताहराचेही फारसे चालत नाही. लेखात चॅनेलच्या नावाचे स्पेलिंग चुकले किंवा एखादी आजी दुसऱ्याच वाडीची झाली, तर त्याच दिवशी, त्याच मेलच्या धाग्यावर, चुकीचा आणि बरोबर मजकूर शेजारी शेजारी लिहून कळवावे. छापील अंकात खुलासा येईल न येईल, पण ई-आवृत्तीच्या संकेतस्थळावरचा मजकूर बहुधा लगेच दुरुस्त होतो.